पहिल्या दिवसाच्या फोटोखालच्या चार ओळी

दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास महाराष्ट्रातल्या अनेक घरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच धाटणीचे फोटो येतात. पाठीवर भलं मोठं दप्तर, हातात स्वतःच्या उंचीच्या निम्म्याहून मोठा रंगीत कागदी शंकू आणि चेहऱ्यावर नेमकं काय आहे ते सांगता येऊ नये असा भाव. जर्मनीत राहायला गेलेल्या मराठी कुटुंबातल्या मुलाचा तो पहिलीचा पहिला दिवस असतो. फोटोखाली आई किंवा बाबांनी चार ओळी लिहिलेल्या असतात. फोटो काढायला क्षणभर पुरतो, या ओळी लिहायला मात्र वेळ लागतो. आजी-आजोबांना आनंद द्यायचा असतो, स्वतःला धीर द्यायचा असतो आणि पोटात जो गोळा आलेला असतो तो कोणाला दिसू द्यायचा नसतो.

आधी त्या दिवसाबद्दल. जर्मनीत सहा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं कायद्याने बंधनकारक आहे. वय कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण व्हायला हवं, ती तारीख प्रत्येक राज्यात निराळी, ३० जून ते ३० सप्टेंबर यांच्या दरम्यानची. घरीच शिकवण्याची सोय जवळपास नाहीच. बालवाडी संपवून पहिलीत जाण्याच्या या सोहळ्याला तिथे 'आइनशूलुंग' म्हणतात. त्या दिवशी आई-बाबा रजा काढतात, आजी-आजोबा गावाहून येतात. शाळेच्या सभागृहात मोठ्या वर्गांतली मुलं गाणं म्हणतात किंवा छोटं नाटुकलं करतात. मग एकेका नवीन मुलाचं नाव पुकारलं जातं, ते मूल उठून आपल्या शिक्षिकेकडे जातं आणि सगळी ओळ वर्गाकडे चालू लागते. पालक बाहेर थांबतात. आत पहिला तास होतो, बाहेर कॉफी आणि केक.

तो शंकू म्हणजे 'शूलट्यूटे'. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅक्सनी आणि थुरिंगिया या भागांत रुजली आणि नंतर देशभर पसरली. साधारण ७० सेंटीमीटर लांबीच्या या शंकूत गोळ्या, चॉकलेटं, रंगपेट्या, खोडरबर, एखादं छोटं खेळणं असं भरतात, वर पातळ कापड किंवा कागद बांधतात आणि तो घरी आल्यावरच उघडतात. पुष्कळ आई-बाबा तो स्वतः बनवतात. मूळ जर्मन मुलालाही हा दिवस सोपा नसतो. 'एमिल'च्या गोष्टीचे लेखक एरिश केस्टनर यांनी बालपणाच्या आठवणींत आपल्या ड्रेस्डेनमधल्या पहिल्या दिवसाबद्दल लिहिलंय. शेजारच्या बाईंना शंकू दाखवायला गेलेला तो लहान मुलगा अडखळला आणि सगळा खाऊ जमिनीवर सांडला.

आता एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. चाकणच्या मोटार कारखान्यातून बाबांची बदली स्टुटगार्टला झाली आहे. हे तसं ओळखीचं शहर, १९६८ पासून ते मुंबईचं भगिनीशहर आहे. कुटुंब जूनमध्ये पोहोचलं आणि सहा वर्षांची मुलगी सप्टेंबरमध्ये पहिलीत जाणार आहे. मधल्या काळात तिने 'हालो', 'डांके' आणि मैदानावर ऐकलेले काही शब्द उचलले. सातारच्या आजीला शंकूत कंदी पेढे घालायचे होते. पण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत, म्हणून चिक्की आली.

सोहळा झाला, फोटो निघाला आणि आईने लिहिलं: 'आमची छकुली झाली जर्मन शाळकरी! नवा देश, नवी शाळा, नवी भाषा. दिवाळीपर्यंत बघा कशी फाडफाड बोलते. खूप अभिमान!'

या ओळींत प्रेम काठोकाठ आहे. अडचण 'दिवाळीपर्यंत' या मुदतीची आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत जेमतेम पाच ते आठ आठवडे मिळतात आणि नव्या भाषेत टाकलेलं मूल या काळात बहुधा गप्प असतं. भाषाशिक्षणाच्या अभ्यासात हा मौनाचा टप्पा चांगला ओळखीचा आहे. काही मुलांमध्ये तो काही आठवडे टिकतो, काहींमध्ये सहा महिने आणि क्वचित त्याहूनही अधिक. मूल त्या वेळात रिकामं बसलेलं नसतं. ते ऐकतं, चेहरे वाचतं, रांगेत कधी उभं राहायचं आणि डबा कधी उघडायचा हे शेजारच्याकडे बघून करतं. बोलण्याआधी कितीतरी महिने त्याला समजायला लागलेलं असतं.

बोलायला लागल्यावरही काम संपत नाही. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला, तो परदेशी शाळेत मूल घालणाऱ्या प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवा. खेळताना, भांडताना, दुकानात लागणारी बोलचालीची भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात. पण गणितातलं शाब्दिक उदाहरण सोडवायला, परिसर अभ्यासाचा उतारा समजून त्यावर लिहायला जी भाषा लागते, तिच्यात बरोबरीच्या मुलांपर्यंत पोहोचायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणजे आपल्या छकुलीचं जर्मन दुसरीत अस्खलित वाटेल आणि तरीही चौथीत ती उताऱ्यापाशी अडेल. त्यात तिच्या हुशारीचा काही संबंध नाही. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे मुलांची वाट चौथीनंतर वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांकडे फुटते, म्हणून हा हिशेब पालकांना आधीच माहीत असलेला बरा.

आईच्या चार ओळींमुळे घडतं ते असं. दिवाळीला व्हिडिओ कॉल लागतो. मावशी, काका, आत्या पडद्यासमोर दाटीवाटीने बसलेले असतात आणि कोणीतरी प्रेमाने म्हणतं, 'आम्हाला जर्मन बोलून दाखव ना!' मुलगी खाली बघते. आई म्हणते, 'अगं, म्हण ना, काल म्हणत होतीस.' मुलगी आतल्या खोलीत निघून जाते. तिने कोणालाच कसलं वचन दिलेलं नव्हतं, ते तिच्या वतीने फोटोखाली दिलं गेलं होतं. ज्या एका भाषेत ती निर्धास्त होती, त्या मराठीतल्या कॉललाही ती पुढे नको म्हणू लागते. हा तोटा मला सगळ्यात मोठा वाटतो.

म्हणून ओळी अशा लिहाव्यात, ज्यांत आशा आपली असेल आणि मुदत कोणावरच नसेल. त्याच फोटोखाली हे चाललं असतं: 'आज पहिलीचा पहिला दिवस. हातातला शंकू इथली मुलं शाळेच्या पहिल्या दिवशी घेऊन जातात. त्यात रंग आहेत, चॉकलेटं आहेत आणि आजीने पाठवलेली चिक्की आहे. जर्मन अजून फार येत नाही. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उठून चालत गेली आणि आम्ही दाराबाहेर थांबलो. आम्हाला धाकधूक आहे. छान होईल असंही वाटतंय.'

यात अभिमान हा शब्द नाही, तरी उठून चालत जाण्याच्या वाक्यात तो आहे. धाकधूक लपवलेली नाही आणि ती आई-बाबांची आहे, मुलीच्या डोक्यावर ठेवलेली नाही. आजीला चिक्कीतून आपला वाटा मिळाला. आणखी दहा वर्षांनी मुलीने हे वाचलं तर तिला त्या दिवसाची खरी नोंद मिळेल.

फोटोत काय दिसतं याचाही विचार हवा. दप्तरावर पूर्ण नाव, मागे शाळेची पाटी, खाली तारीख आणि समोर स्पष्ट चेहरा या गोष्टी एकत्र आल्या की कोणत्याही अनोळखी माणसाला हे मूल रोज सकाळी कुठे सापडेल ते कळतं. घरच्या ग्रुपवर आलेला फोटो तिथेच राहील याचीही खात्री कोणी देऊ शकत नाही. इतर मुलांबद्दल तर जर्मन कायदाच कडक आहे. माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करू नये, हा नियम तिथे १९०७ पासून आहे आणि लहान मुलांसाठी ती संमती त्यांच्या पालकांची लागते. सभागृहात रांगेने बसलेल्या वर्गाचा फोटो सार्वजनिक टाकला तर पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या पालकांची नाराजी ओढवू शकते. भिंतीपाशी किंवा झाडाखाली एकट्या मुलीचा फोटो घ्यावा आणि पाठवण्याआधी तिला दाखवावा. सहा वर्षांचं मूल 'हा नको' असं स्पष्ट सांगू शकतं.

सगळ्यांच्या वाट्याला हा सोहळा येत नाही, हेही सांगायला हवं. नोव्हेंबरमध्ये पोहोचलेल्या दहा वर्षांच्या मुलाचा पहिला दिवस शाळेच्या कार्यालयात अर्ज भरण्यात जातो. ना शंकू, ना गाणी. बऱ्याच ठिकाणी अशा मुलांना आधी जर्मन शिकवणाऱ्या तयारी वर्गात घालतात. त्या वर्गात सीरिया, युक्रेन, रुमानिया अशा देशांतून आलेली मुलं असू शकतात आणि कोणालाच भाषा येत नसल्यामुळे तिथे गप्प राहण्याची लाज कमी वाटते. त्याच्या फोटोखाली चार ओळी लिहायच्या का, हे त्यालाच विचारावं. या वयात पुण्यातले मित्र सुटल्याचं दुःख ताजं असतं आणि आनंदाची जाहिरात त्याला खुपते.

गप्पपणा कधी काळजीचा समजायचा? मूल शाळेत बोलत नाही, पण घरी येऊन मराठीत भडाभडा सांगतं, खेळतं, हातवाऱ्यांनी का होईना इतर मुलांमध्ये मिसळतं, तर वाट बघावी. पण घरातही बोलणं आटलं, रोज सकाळी पोट दुखायला लागलं, डबा जसाच्या तसा परत येऊ लागला, शाळेत लघवीलाही जाणं ते टाळू लागलं, तर सुट्टीची वाट न बघता वर्गशिक्षिकेची वेळ घ्यावी. शाळेत भेटलेल्या मराठी मुलाशी मराठीतही ते महिनोन्महिने बोलत नसेल, तर अडचण भाषेची नाही. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांकडे जावं. आणि घरातलं मराठी मात्र थांबवू नये. दिवसभर न समजणाऱ्या भाषेत बसलेल्या मुलाला मनातलं सांगायला तेवढी एकच जागा उरलेली असते.

आणि हे वाचणाऱ्या इथल्या आजी-आजोबांना, मावशी-काकांना एक विनंती. असा फोटो आला की नातीला शाबासकी जरूर द्या, पण पुढच्या कॉलवर तिला जर्मन बोलून दाखवायला सांगू नका. डब्यात काय होतं, शेजारी कोण बसतं, शंकूतलं सगळ्यात आधी काय संपलं, एवढंच विचारा आणि तिला मराठीत सांगू द्या.