चौदा लाखांची फट: सॉल्व्हर कधी थांबवायचा?

स्वीडनमधल्या २४,९७८ गावा-वस्त्यांना प्रत्येकी एकदाच भेट देऊन परत मूळ ठिकाणी यायचं, तर सर्वांत छोटा मार्ग कोणता? मार्च २००३ मध्ये डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ केल्ड हेल्सगाउन यांच्या प्रोग्रॅमने सुमारे ७२,५०० किलोमीटरचा एक मार्ग शोधला. त्याहून छोटा मार्ग असूच शकत नाही, हे सिद्ध व्हायला मात्र मे २००४ उजाडलं. त्यासाठी अनेक संगणक एकाच वेळी राबत होते. एकाच प्रोसेसरवर ते काम सोपवलं असतं, तर सुमारे ८५ वर्षं लागली असती. या वर्षभरात मार्ग जराही बदलला नाही. वर सरकत होता तो दुसराच आकडा, ‘याहून कमी होणं शक्य नाही’ असं सांगणारा.

कोणती गोदामं उघडायची, कुठल्या मशिनवर आधी कोणतं काम घ्यायचं, असे ‘हो की नाही’ स्वरूपाचे निर्णय गणितात मांडून संगणकाकडून सोडवून घेणाऱ्यांना हे दोन आकडे रोज दिसतात. गुरोबी, सीप्लेक्स, स्किप, हाय्स हे अशा कामाचे सॉल्व्हर. ते चालू असताना पडद्यावर ओळींमागून ओळी येत राहतात. त्यात ‘इन्कम्बंट’ म्हणजे आतापर्यंत हाती लागलेलं सर्वांत चांगलं उत्तर आणि ‘बाउंड’ म्हणजे खर्च ज्याच्या खाली जाऊच शकत नाही ती मर्यादा. दोहोंमधली टक्केवारी म्हणजे गॅप.

बाउंड येतो कुठून? सॉल्व्हर आधी ‘हो की नाही’ची अट सैल करतो. गोदाम पाऊण उघडलं तरी चालेल, असं धरून गणित सोडवतो. ते सोपं असतं, आणि अट सैल असल्यामुळे येणारा खर्च खऱ्या खर्चाइतका किंवा त्याहून कमीच असतो. मग तो एकेका गोदामावर दोन फांद्या फोडतो, एकीत गोदाम पूर्ण उघडं, दुसरीत पूर्ण बंद. फांद्या वाढतात तसा बाउंड हळूहळू वर येतो. ही पद्धत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या आयल्सा लँड आणि अ‍ॅलिसन डॉइग यांनी १९६० साली प्रसिद्ध केली, आणि आजचे सॉल्व्हर तिच्यावरच उभे आहेत.

आता एक नमुना पाहू. एका वितरण कंपनीला गोदामांचं भाडं आणि वाहतूक मिळून वर्षाचा खर्च कमीत कमी करायचा आहे. आकडे लाख रुपयांत आहेत, वेळ सेकंदांत. लॉगमधले कामाचे तेवढे चार रकाने असे:

```
Incumbent    BestBd     Gap    Time
  486.0       390.0    19.8%      5s
  431.0       398.0    7.66%     40s
  420.0       402.0    4.29%    300s
  420.0       405.0    3.57%   1800s
  420.0       406.0    3.33%   7200s
```

घाईत वाचणारा फक्त गॅपचा रकाना बघतो आणि ‘कमी होतोय, चालू दे’ म्हणतो. पण गॅप कुठल्या बाजूने कमी होतोय, हे पाहायला हवं. पहिल्या पाच मिनिटांत वरचा आकडा ४८६ वरून ४२० वर आला. ती खरी बचत होती. त्यानंतर दोन तास होत आले तरी ४२० हललेला नाही. गॅप घटतोय तो निव्वळ बाउंड वर चढतोय म्हणून. म्हणजे या वेळात कंपनीला एका रुपयाचाही फायदा झाला नाही, फक्त हातातल्या उत्तराबद्दलची खात्री वाढली.

३.३३ टक्क्यांचा अर्थही नीट लावला पाहिजे. हे उत्तर ३.३३ टक्क्यांनी चुकलंय, असं तो आकडा म्हणत नाही. अजून जास्तीत जास्त १४ लाख वाचू शकतील, एवढंच तो सांगतो. कदाचित ४२० हेच सर्वोत्तम उत्तर असेल. स्वीडनच्या मार्गाचं तसंच झालं होतं.

मग थांबायचं कधी? आधी बाउंडचा वेग बघावा. इथे शेवटच्या दीड तासात तो १ लाखाने वर आला. उरलेले १४ लाख याच वेगाने भरून काढायचे, तर आणखी २१ तास लागतील, आणि हा वेग सहसा मंदावतच जातो. दुसरं, मूळ आकडे किती खरे आहेत ते बघावं. पुढच्या वर्षीच्या मागणीचा अंदाजच पाच टक्के इकडेतिकडे होणार असेल, तर या १४ लाखांसाठी रात्रभर मशिन तापवण्यात अर्थ नाही. तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास थांबणं हा रास्त निर्णय ठरतो. गुरोबीत `MIPGap=0.03` आणि सोबत `TimeLimit` दिला की झालं. काही न सांगितल्यास गुरोबी ०.०१ टक्क्यापर्यंत झुंजत राहतो. या उदाहरणात तो फरक होतो अवघा ४,२०० रुपये.

दोन पर्यायांची तुलना करायची असेल तेव्हा मात्र एवढ्यावर थांबू नये. समजा, कंपनीला स्वतःचे ट्रक आणि भाड्याचे ट्रक यांतून निवड करायची आहे. स्वतःच्या ट्रकचं गणित ४०६ ते ४२० मध्ये थांबवलं आणि भाड्याच्या ट्रकचं ४०९ ते ४२६ मध्ये. ‘स्वतःचे ट्रक सहा लाखांनी स्वस्त’ असं लगेच अहवालात जातं. पण दोन्ही पट्टे एकमेकांवर आलेले आहेत, त्यामुळे खरं उत्तर उलटंही असू शकतं. पट्टे वेगळे होईपर्यंत गणित चालवावं, नाहीतर कोणता पर्याय स्वस्त हे ठरत नाही असं स्पष्ट सांगावं.

टक्केवारी फसवू शकते, तीही बेमालूम. याच गणितात कोणी बदलूच न शकणारा २,००० लाखांचा पगारखर्च मिळवला, तर तेच १४ लाख २,४२० ने भागले जातात आणि गॅप ०.५८ टक्के दिसतो. उत्तरात काडीचीही सुधारणा झालेली नसते. शिवाय गुरोबी आणि सीप्लेक्स फरकाला इन्कम्बंटने भागतात, तर स्किप दोहोंतल्या लहान आकड्याने, म्हणून तिथे हीच स्थिती ३.४५ टक्के दिसेल. टक्के बाजूला ठेवून आधी रुपयांतला फरक वाचणं केव्हाही चांगलं.

बाउंड सुरुवातीपासूनच फार खाली असेल आणि हलत नसेल, तर दोष बहुधा मांडणीत असतो. ‘गोदाम उघडं असेल तरच तिथून माल जाईल’ ही अट लिहिताना पुष्कळजण कमाल मर्यादा म्हणून सढळ हाताने एखादा मोठा आकडा घालतात, समजा १०,००० टन. प्रत्यक्षात माल जाणार १०० टन. मग सैल गणितात सॉल्व्हर गोदाम फक्त एक टक्का उघडतो आणि भाडंही एक टक्काच धरतो. खर्चाची मर्यादा अर्थातच हास्यास्पद खाली दिसते, आणि ती वर आणायला लाखो फांद्या तपासाव्या लागतात. त्या जागी गोदामाची खरी क्षमता घालावी, किंवा ही अट प्रत्येक ग्राहकासाठी त्याच्या मागणीइतकी वेगळी लिहावी. फांद्या फुटण्याआधीच बाउंड वर येतो. अशा वेळी आणखी मोठा संगणक घेण्याआधी ती एक ओळ तपासावी.

आणि सॉल्व्हर थांबवल्यावर वरिष्ठांना नुसता ४२० हा आकडा देऊ नका. शेजारी ४०६ लिहा, किती वेळ चालवला ते लिहा, आणि १४ लाखांची शक्यता का सोडून दिली, हेही एका वाक्यात नोंदवा.