ठिबकचा आराखडा कॅडमध्ये: चर खणण्याआधी स्क्रीनवर सापडणाऱ्या चुका

ठिबक बसवून महिना झाला की काही शेतांत एक गोष्ट दिसायला लागते. सबमेनजवळची झाडं टवटवीत असतात आणि ओळीच्या शेवटची झाडं मागे पडलेली असतात. शेतकरी ड्रिपर तुंबले म्हणून नळ्या धुतो, अ‍ॅसिड सोडतो, पण फरक पडत नाही. कारण दोष ड्रिपरचा नसून आराखड्याचा असतो. नळी गरजेपेक्षा लांब टाकलेली असते, किंवा मोटर देऊ शकते त्यापेक्षा जास्त ड्रिपर एकाच व्हॉल्व्हवर जोडलेले असतात.

या दोन्ही चुका कॅडमध्ये नकाशा काढताना लक्षात येऊ शकतात. त्यासाठी एकरभराचं एक शेत घेऊन आराखडा सुरुवातीपासून करून पाहू. पीक टोमॅटोचं, दोन ओळींत दीड मीटर अंतर. नळी १६ मिमीची इनलाइन, दर ४० सेंटिमीटरवर ताशी २ लिटरचा ड्रिपर. पुढच्या आज्ञा ऑटोकॅडच्या आहेत. मोफत मिळणाऱ्या लिब्रेकॅडमध्येही हीच कामं करता येतात, फक्त मेन्यू वेगळे.

आधी शेतात: टेप आणि ड्रम

कॅड उघडण्याआधी शेतातून दोन मोजमापं आणायची आहेत. पहिलं शेताच्या आकाराचं. सातबाऱ्यावर क्षेत्रफळ असतं, आकार नसतो. नुसत्या चार बाजू मोजूनही आकार पक्का होत नाही, कारण त्याच चार बाजूंचं शेत कललेलंही असू शकतं. म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे. आपल्या शेताचा खालचा बांध १०० मीटर, डावा ४०, वरचा ९२ आणि उजवा तिरका बांध ४०.८ मीटर आहे. कर्ण १०७.७ आणि १००.३ मीटर भरले. विहीर डाव्या खालच्या कोपऱ्यापासून ५ मीटर बाहेर आहे.

दुसरं मोजमाप मोटरच्या पाण्याचं. २०० लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. पण पाईप मोकळा सोडून मोजलं तर आकडा फसवा येतो, कारण ठिबकला दाब लागतो आणि दाब वाढला की मोटरचं पाणी घटतं. ड्रिपरजवळ १ किलो दाब हवा, म्हणजे १० मीटर उंचीच्या पाण्याइतका. पाईपमधलं घर्षण आणि मळलेला फिल्टर यांत आणखी जातो. म्हणून व्हॉल्व्ह आवळून मीटरवर २ किलो दाब दिसेल असं करायचं आणि मग ड्रम भरायचा. आपला ड्रम ८० सेकंदांत भरला, म्हणजे ताशी ९,००० लिटर. हे मोजमाप शक्यतो एप्रिल-मेमध्ये घ्यावं. पावसाळ्यातल्या भरलेल्या विहिरीवर केलेला आराखडा उन्हाळ्यात तोंडघशी पाडतो.

शेताचा आकार स्क्रीनवर

आधी UNITS मध्ये मीटर ठरवा, म्हणजे स्क्रीनवरचं १ एकक म्हणजे शेतातला १ मीटर. मग खालचा बांध काढा. डावा वरचा कोपरा शोधायला दोन वर्तुळं लागतात. डाव्या खालच्या कोपऱ्यातून ४० त्रिज्येचं आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातून १०७.७ त्रिज्येचं. ती वरच्या बाजूला जिथे छेदतात तो कोपरा.

```
LINE 0,0 100,0

CIRCLE 0,0 40
CIRCLE 100,0 107.7
```

उजवा वरचा कोपराही असाच काढायचा. डावीकडून १००.३ आणि उजवीकडून ४०.८ त्रिज्येची वर्तुळं. आता वरच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर DIST ने बघा. ते ९२ च्या आसपास आलं तर मोजणी बरोबर आहे. दोन-तीन मीटरचा फरक आला तर टेप कुठेतरी चुकला आहे. पुन्हा शेतात जा, कारण पुढचं सगळं या चार बिंदूंवर उभं आहे.

नळ्या आणि पहिला धक्का

पहिली नळी बांधापासून अर्धा मीटर आत ठेवू. मग -ARRAY ने तिच्या दीड-दीड मीटरवर एकूण २७ ओळी करू आणि तिरक्या बांधाबाहेर गेलेला भाग TRIM ने कापू. या सगळ्या नळ्यांची लांबी २,५९२ मीटर भरते. शेत सरळ चौकोनी धरून हिशेब केला असता तर २,७०० मीटर आली असती. तिरक्या बांधाने १०८ मीटर नळी वाचवली आणि ती बिलावरही दिसायला हवी.

आता पाण्याचा हिशेब. एका मीटरला अडीच ड्रिपर, म्हणजे मीटरमागे ताशी ५ लिटर. २,५९२ मीटरला ताशी १२,९६० लिटर पाणी लागेल. मोटर देते ९,०००. सगळं शेत एकदम सुरू केलं तर दाब पडणार आणि सगळ्यात आधी शेवटची झाडं उपाशी राहणार. म्हणून शेताचे दोन भाग पाडून दोन व्हॉल्व्ह ठेवायचे.

सबमेन कडेला की मधोमध?

अनेकदा सबमेन विहिरीच्या बाजूच्या बांधालगत टाकतात, कारण चर कमी खणावी लागते. आपल्या शेतात तसं केलं तर सर्वात लांब नळी जवळजवळ १०० मीटरची होते. इतक्या लांब १६ मिमीच्या नळीत घर्षणाने सुमारे साडेतीन मीटर दाब जातो. तोंडाशी १० मीटर असलेला दाब शेवटी साडेसहावर येतो. साध्या ड्रिपरमधलं पाणी दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. त्यामुळे पहिलं झाड ताशी २ लिटर पितं तेव्हा शेवटच्याला १.६ लिटरच मिळतं. नियम असा, की एका व्हॉल्व्हवरच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरमध्ये दाबाचा फरक २० टक्क्यांच्या आत असावा. मग पाण्याचा फरक १० टक्क्यांच्या आसपास राहतो. आपल्यासाठी ही मर्यादा २ मीटरची आहे आणि १०० मीटरची नळी ती सरळ ओलांडते.

आता सबमेन डाव्या बांधापासून ४८ मीटरवर उभा टाकू. प्रत्येक ओळीच्या दोन नळ्या होतात, डावीकडे ४८ आणि उजवीकडे जास्तीत जास्त ५२ मीटर. नळी अर्धी झाली की दाबाचं नुकसान अर्धं न होता जवळपास सातवा हिस्सा होतं, कारण लांबीही घटते आणि नळीतून वाहणारं पाणीही. साडेतीन मीटरचं नुकसान अर्ध्या मीटरच्या आसपास येतं. त्यासाठी मेनचा पाईप वाढतो, पण नळ्यांची एकूण लांबी तेवढीच राहते.

व्हॉल्व्ह बांधावर ठेवा

मेन ६३ मिमीचा. तो विहिरीपासून खालच्या बांधाने ५३ मीटर येतो. तिथेच, बांधावर, दोन्ही व्हॉल्व्ह बसतात. पहिल्या व्हॉल्व्हवरचा ५० मिमीचा सबमेन खालच्या १४ ओळींना पाणी देतो. दुसऱ्या व्हॉल्व्हचा पाईप त्याच चरातून सुमारे २१ मीटर कोरा जातो आणि पुढे वरच्या १३ ओळींचा सबमेन होतो. २१ मीटर पाईप जास्त लागतो, पण भाग बदलायला रात्री चिखलात उतरावं लागत नाही.

प्रत्येक भागासाठी वेगळा लेयर करा: LAT1, LAT2, SUB1, SUB2, MAIN. मग DATAEXTRACTION लेयरनुसार लांबी देतं. पहिल्या भागात १,३७१ मीटर नळी, म्हणजे ताशी सुमारे ६,८६० लिटर. दुसऱ्यात १,२२१ मीटर, म्हणजे ६,१०० लिटर. दोन्ही ९,००० च्या आत आहेत आणि फिल्टर मळला किंवा विहीर थोडी खाली गेली तरी वाव उरतो. जास्तीचं पाणी बायपासने परत विहिरीत सोडता येतं.

वेळही इथेच ठरतो. दीड मीटर बाय ४० सेंटिमीटर जागेला ताशी २ लिटर म्हणजे तासाला ३.३ मिमी पाणी. उन्हाळ्यात पिकाला रोज ५ मिमी धरलं तर एका भागाला दीड तास, दोन्हींना तीन तास लागतील. विहिरीतून रोज सुमारे साडेएकोणीस हजार लिटर पाणी निघायला हवं. तेवढं साठत नसेल तर कोणताही आराखडा ते आणून देणार नाही. क्षेत्रच कमी करावं लागेल.

नकाशा जे दाखवत नाही

कॅडचा हा नकाशा सपाट आहे, शेत बहुधा नसतं. म्हणून चार कोपऱ्यांची आणि मधल्या बिंदूची उंची लेव्हल पाईपने घेऊन नकाशावर लिहा. शेत उजवीकडे १ मीटर चढत असेल तर उजवीकडच्या नळ्या घर्षणाशिवाय चढावाचाही दाब गमावतात. अशा वेळी सबमेन चढाच्या बाजूला सरकवायचा, म्हणजे चढावरची नळी आखूड आणि उतारावरची लांब होते. स्क्रीनवर त्यासाठी एक MOVE पुरते.

प्रत्येक सबमेनच्या टोकाला गाळ काढायचा फ्लश व्हॉल्व्हही नकाशावर दाखवा. आपल्या पहिल्या सबमेनचं टोक शेताच्या मधोमध येतं. ते दाखवलं नाही तर पुढच्या मशागतीत नांगर त्यावरूनच जाईल.

दुकानात न्यायची यादी या नकाशातूनच निघते. नळी २,५९२ मीटर आणि जोड-कापणीसाठी थोडी जास्त. दोन्ही बाजूंना वेगळं टेकऑफ धरलं तर ५४ टेकऑफ, ५४ एंड कॅप, दोन व्हॉल्व्ह आणि दोन फ्लश व्हॉल्व्ह. कुणी यापेक्षा बरंच जास्त किंवा कमी सामान सांगितलं तर नकाशा समोर ठेवून कारण विचारा.

आणि मे महिन्यात ड्रम ८० ऐवजी १४४ सेकंदांत भरायला लागला तर? तेव्हा मोटर ताशी ५,००० लिटरच देत असेल. १२,९६० लिटरसाठी मग तीन भाग लागतील, प्रत्येकी ९ ओळींचे. नकाशात ओळींचे लेयर बदलून सबमेन नव्याने तोडणं हे दहा मिनिटांचं काम आहे. पाईप गाडल्यानंतर तेच करायचं तर चर पुन्हा उकरावी लागते.