एकच गल्ला, पाच जणांचे कष्ट

तालुक्याच्या गावातले फरसाण-मिठाईचे एक दुकान उदाहरणादाखल घेऊ. दुकान आणि मागची भट्टी दोन्ही वडिलांच्या नावावर आहेत. बेसन, तेल, डाळ यांची खरेदी अजून तेच बघतात. मसाल्याचे प्रमाण आणि पॅकिंगच्या बायकांचे काम आईकडे. थोरला मुलगा गल्ल्यावर बसतो, धाकटा आसपासच्या गावांतल्या दुकानदारांच्या ऑर्डरी घेतो आणि माल पोचवतो. थोरली सून हिशेब, जीएसटीचे रिटर्न आणि फोनवरच्या ऑर्डरी सांभाळते. मुलगी लग्न होऊन पुण्याला आहे. पगार कुणालाच नाही. लागतील तसे पैसे गल्ल्यातून घ्यायचे. नातवंडांची फी, गाडीचा हप्ता, दवाखाना, सगळे तिथूनच. दुकानाला नफा किती, असे विचारले तर थोरला म्हणेल, ‘वर्षाला चोवीस लाख सुटतात.’

हा आकडा खोटा नाही, पण हा नफा नव्हे. त्यात तीन निरनिराळे पैसे मिसळलेले आहेत: पाच जणांच्या कष्टाचा मोबदला, वडिलांच्या जागेचे भाडे आणि या दोन्हींनंतर उरणारा खरा नफा. घरच्या धंद्यातली बहुतेक भांडणे मला या सरमिसळीतूनच उगवलेली दिसतात. प्रत्येक जण आपल्या वाट्याचे काहीतरी मागत असतो, पण ते कष्टाचे मागतो की हक्काचे, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

म्हणून सुरुवात पगारापासून करावी. कसोटी एकच: उद्या हा माणूस आला नाही, तर त्याच्या जागी बाहेरचा माणूस किती पगारावर मिळेल? थोरला, वडील किंवा सून हे नाते इथे बाजूला ठेवायचे आणि कामाकडे बघायचे. आपल्या गावात दुकान सांभाळणारा मॅनेजर महिना 35,000 रुपयांना मिळतो असे धरू. हिशेब आणि ऑर्डरी बघणारी व्यक्ती 25,000 घेईल, फिरतीचा विक्रेताही 25,000. वडिलांच्या अर्ध्या दिवसाच्या खरेदीचे 20,000 आणि आईच्या कामाचे 20,000. बेरीज महिना सव्वा लाख, म्हणजे वर्षाला 15 लाख. जागेचे बाजारभावाने भाडे महिना 30,000 धरले तर वर्षाचे 3 लाख 60 हजार. चोवीस लाखांतून हे दोन्ही वजा केले की उरतात 5 लाख 40 हजार. दुकानाचा नफा हा.

इथे आईवडील हमखास म्हणतात, ‘आम्हाला कशाला पगार? आमचे सगळे तुमचेच आहे.’ भावना खरी असली तरी त्यांचा पगार लावलाच पाहिजे. आईचे गुडघे दुखू लागले आणि मसाल्यासाठी माणूस ठेवावा लागला की त्या 20,000 चा खर्च अचानक वर येतो आणि धंदा बसला, असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात तो खर्च आधीपासून होताच, आई तो अंगावर घेत होती. शिवाय स्वतःच्या खात्यात पैसे असले की आजीला नातवाला सायकल घेऊन देता येते, आणि त्यावर धाकट्याला मनात काही धरून बसायचे कारण उरत नाही.

घरात दोन भाऊ असले की दुसरा पेच येतो. थोरल्याला दोन मुले, त्यांची फी दुकानातून जाते. धाकट्याचे लग्न व्हायचे आहे, त्याचा खर्च कमी. तो काही वर्षे गप्प राहतो आणि लग्न झाल्यावर त्याची बायको पहिल्यांदा हिशेब विचारते. मग दोष तिला दिला जातो, हे मला फार अन्यायाचे वाटते. हिशेब आधीपासूनच बाकी होता. ज्याची गरज मोठी त्याला जास्त पगार, ही रीत सोडावी. पगार कामावर ठरावा. एकत्र स्वयंपाकघराचा खर्च सगळ्यांनी ठरवून भरावा. कुणाला जास्तीची मदत करायची असेल तर ती घराने घराच्या पैशातून करावी, दुकानाने नव्हे. पगाराव्यतिरिक्त गल्ल्यातून घेतलेली रक्कम त्या व्यक्तीच्या नावावर उचल म्हणून लिहावी, अगदी पाचशे रुपये असले तरी. महिनाअखेरीस ती पगारातून वळती करायची.

सुनेचा पगार तिच्याच बँक खात्यात जावा. यात कराचा एक बारकावा आहे. नवऱ्याचा, किंवा नवरा आणि त्याचे जवळचे नातेवाईक यांचा मिळून, धंद्यात 20 टक्के किंवा अधिक हिस्सा असेल, तर बायकोला तिथून मिळणारा पगार प्राप्तिकरासाठी नवऱ्याच्या उत्पन्नात धरला जाऊ शकतो. तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्याच ज्ञानाच्या कामाचा असेल, तर सूट आहे. पण ही तरतूद कर कुणाच्या विवरणपत्रात लागेल एवढेच ठरवते. पैसे तिचेच राहतात. करात फरक पडत नाही म्हणून तिला पगारच द्यायचा नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. नातेवाइकांना बाजारभावापेक्षा अवाच्या सवा पगार दाखवला, तर तेवढा खर्च प्राप्तिकर खाते नाकारू शकते. बाहेरच्या माणसाची कसोटी इथेही कामी येते.

नफ्याचा खरा आकडा कळला की निर्णयही बदलतात. धाकट्याला जिल्ह्याच्या गावी दुसरे दुकान काढायचे आहे, त्यासाठी 15 लाखांचे कर्ज. चोवीस लाख सुटतात असे समजणाऱ्या घराला हे सहज झेपेल असे वाटते. अकरा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिना साधारण 32,600 रुपये, वर्षाला 3 लाख 90 हजारांच्या घरात. 5 लाख 40 हजारांतून तो भरला की हाती दीड लाख उरतात, आणि त्यातच भट्टीची दुरुस्ती, दिवाळीच्या आधी तेलाचा साठा. नवे दुकान पहिले वर्ष तोट्यात गेले तर हप्ता घरच्यांच्या पगारातून जाणार. तरीही काढायचे असेल तर काढावे, पण पगार कुणाचा थांबेल हे आधी बोलून.

आता मालकीकडे येऊ. दुकान फक्त वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे कायद्याने धंदा त्यांचा एकट्याचा. मृत्युपत्र न करता ते गेले तर हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे त्यांच्या स्वतःच्या कमाईच्या मालमत्तेत आई, दोन मुलगे आणि मुलगी यांना प्रत्येकी एक चतुर्थांश वाटा मिळतो. पंधरा वर्षे गल्ल्यावर बसलेल्या थोरल्याला आणि पुण्याच्या बहिणीला सारखाच. बहिणीचा वाटा तिचा हक्क आहे, त्यावर कुरकुर करण्याचे कारण नाही. कष्टाचे पैसे दरमहा मिळत गेले असते, तर ते वारशातून वसूल करण्याची वेळ थोरल्यावर आली नसती. आणि वर्षानुवर्षे हिशेब ठेवणारी सून या वाटणीत कुठेच नाही.

त्यामुळे पुष्कळ घरे भागीदारी करतात. तिथेही ‘आपल्यातच आहे, लिहायचे काय’ असे म्हणून चालत नाही, कारण न लिहिलेल्या जागा कायदा स्वतः भरतो. भारतीय भागीदारी कायदा, 1932 म्हणतो की करारात तसे ठरलेले नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मागता येत नाही आणि नफा सगळ्यांना समान. म्हणजे दिवसभर राबणारा आणि नावापुरता असणारा, दोघांची प्राप्ती एकच. करारात ठरलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने संस्थाच विसर्जित होते. नोंदणी नसलेल्या भागीदारीतल्या भागीदाराला करारातला हक्क मागायला कोर्टात दावाही लावता येत नाही. भागीदारांचा पगार करारात लिहिल्याशिवाय प्राप्तिकरात खर्च म्हणून धरला जात नाही, आणि करार आज केला तर मागच्या काळाचा पगार त्यात बसवता येत नाही. हे सगळे करताना नवा पॅन, नवा जीएसटी क्रमांक आणि खाद्यपदार्थांचा परवाना नव्या संस्थेच्या नावाने घ्यावा लागतो. त्याची तयारी ठेवावी.

पैशाचे एवढे ठरले तरी निम्मे काम बाकी असते. थोरल्याने एका दुकानदाराची उधारी बंद केली; मागची बाकी साठ हजारांवर गेली होती. तो दुकानदार संध्याकाळी वडिलांकडे आला, जुनी ओळख सांगितली आणि माल घेऊन गेला. वडिलांचा हेतू वाईट नव्हता, पण त्या दिवशी भट्टीवरच्या कारागिरालाही कळले की थोरल्याचा शब्द शेवटचा नाही. पुढच्या आठवड्यात तो सुट्टी मागायला थेट वडिलांकडे गेला. घरात निर्णयाचा अधिकार स्पष्ट नाही, हे ओळखायचे तर कामगार कुणाकडे काय मागायला जातात ते बघावे. ज्याच्याकडून हो मिळेल त्याच्याकडे ते जाऊ लागले, की समजावे.

यावर उपाय म्हणून प्रत्येक कामाचा एकच धनी ठरवावा आणि त्याची मर्यादा रुपयांत लिहावी. आपल्या घरात ते असे होईल: पन्नास हजारांपर्यंतची खरेदी वडील एकट्याने करतील. कुठल्या दुकानदाराला किती उधारी, हे थोरला ठरवेल. पदार्थाची चव आणि तेल कधी बदलायचे, यात आईचा शब्द अखेरचा. हिशेबाची वही आणि बँकेचे व्यवहार सुनेकडे, आणि चिठ्ठीशिवाय कुणालाही, सासऱ्यांनाही, पैसे न देण्याचा अधिकार तिला. कर्ज, जामीन, जागा आणि नवी शाखा यांवर मात्र सगळ्यांच्या सह्या. वडिलांना उधारीचा निर्णय पटला नाही तर त्यांनी तो थोरल्याशी एकांतात बोलावा. गिऱ्हाइकासमोर बदलू नये. थोरल्याने ऐकलेच पाहिजे असे नाही. कुटुंबाला सर्वांत जड जाते ते हेच, आणि हेच ठरले नाही तर बाकी कागद कपाटात पडून राहतो.

घरात ठरवलेली मर्यादा बाहेरच्याला माहीत नसेल तर ती त्याच्यावर बंधनकारक नसते. धाकट्याने संस्थेच्या नावाने दोन लाखांचा माल उचलला आणि तो धंद्याच्या नेहमीच्या कामातला असला, तर व्यापाऱ्याला पैसे सगळ्यांनी मिळून द्यावे लागतात. त्यामुळे मोठ्या रकमेच्या धनादेशावर दोन सह्या लागतील असे बँकेला लेखी कळवावे आणि ठोक व्यापाऱ्यांनाही मर्यादा सांगून ठेवावी.

कुणी बाहेर पडायचे म्हटले तर काय, हे करारातले अखेरचे कलम. ते सगळे एका ताटात जेवत असतानाच लिहावे. धाकटा वेगळा झाला तर त्याच्या वाट्याची किंमत कोण काढणार, साठा आणि यंत्रे कोणत्या भावाने धरणार, दुकानाच्या नावाची किंमत धरणार की नाही, आणि पैसे किती हप्त्यांत देणार. 5 लाख 40 हजार नफ्याच्या दुकानातून एकरकमी मोठी रक्कम काढली तर भट्टीच थंड होईल. तीन ते पाच वर्षांचे हप्ते, ठरलेल्या व्याजासह, दोघांनाही झेपतात. त्याच गावात त्याच नावाने दुकान काढायचे की नाही, हेही त्याच कलमात आले पाहिजे.