घराची खतावणी

सांगलीतील आमच्या अडत पेढीवर रोजकीर्द लिहून झाल्याशिवाय सायंकाळी दिवा मालवला जात नसे. कोणाकडे किती येणे आहे, कोणाचे किती देणे आहे आणि कोणत्या तारखेचा वायदा आहे, हे सारे खतावणीत पानोपानी नोंदलेले असे. दिवाळीत त्या वह्यांचे पूजन होई. त्याच घरात विम्याचा हप्ता कधी भरावयाचा, घरपट्टी कधी, मुलांच्या शाळेचे शुल्क कधी, याची नोंद मात्र एकाही वहीत नव्हती. ते सारे माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, स्मरणात होते.

तीन वर्षांपूर्वी त्या स्मरणाने एकदाच दगा दिला. अण्णांची आरोग्य विम्याची पॉलिसी नऊ वर्षे अखंड चालू होती. तिची मुदत 9 नोव्हेंबरला संपत होती आणि ऐन दिवाळीच्या गर्दीत ती तारीख निघून गेली. कंपनीने आठवणीचे संदेश पाठविले होते. परंतु अर्ज भरताना विमा प्रतिनिधीने संपर्क क्रमांक म्हणून स्वतःचाच मोबाइल क्रमांक लिहिला होता आणि त्याने ते काम सोडून दोन वर्षे झाली होती. 20 डिसेंबरला माझे यजमान कपाटातील कागद लावीत असताना चूक लक्षात आली. तो एकेचाळिसावा दिवस होता.

वार्षिक आरोग्य पॉलिसीला मुदत संपल्यानंतर 30 दिवसांची सवलत असते. त्या अवधीत हप्ता भरल्यास जुने लाभ अखंड राहतात. मात्र मधल्या खंडात उद्भवलेल्या आजाराचा खर्च मिळत नाही. आम्ही तोही अवधी ओलांडला होता. नवी पॉलिसी मिळाली, पण ती नव्या माणसासारखी. नऊ वर्षांत पूर्ण झालेले प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाले. पुढल्याच वर्षी अण्णांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. नव्या पॉलिसीत मोतीबिंदूसाठी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ होता, म्हणून संपूर्ण खर्च घरातून झाला. अण्णा कोणास बोलले नाहीत. परंतु त्यानंतर त्यांनी स्वतःहून पेढीवरील एक कोरी वही घरी आणली आणि ती माझ्या हाती दिली.

वही भरताना पहिला प्रश्न पडला तो असा, की देणी नेमकी किती आहेत हे तरी कोणास ठाऊक आहे? आठवून यादी केली तर ती अपुरीच राहते. आम्ही बँकेच्या पासबुकातील मागील बारा महिन्यांच्या नोंदी एकेक करून वाचल्या. त्यातून लॉकरचे भाडे, गृहनिर्माण संस्थेचे शुल्क, मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यातील भरणा, असे विसरलेले अनेक धागे हाती लागले. वर्षातून एकदाही पैसे न मागणाऱ्या गोष्टी पासबुकात दिसत नाहीत. वाहनचालक परवाना आणि पासपोर्ट ही त्यांतली. त्यासाठी कपाटातील मूळ कागद काढून त्यांवरील तारखा उतरवून घ्याव्या लागल्या. त्याच बैठकीत प्रत्येक देण्यापुढे एक गोष्ट आवर्जून तपासली : याची सूचना कोणाच्या मोबाइलवर येते? आमच्याकडील चार नोंदींत क्रमांक जुना किंवा परक्याचा निघाला. तो बदलून घेणे हेच वहीचे पहिले प्रत्यक्ष काम ठरले.

वहीत प्रत्येक देण्यास एक ओळ आहे. कशाचे, कोणाच्या नावावर, ग्राहक किंवा पॉलिसी क्रमांक, अंतिम तारीख, कामाची तारीख, चुकल्यास काय होते, कोणी करावयाचे आणि शेवटी पावती, असे आठ रकाने. यांपैकी ‘कामाची तारीख’ आणि ‘चुकल्यास काय’ हे दोन रकाने या पद्धतीचा प्राण आहेत.

अंतिम तारीख सरकार, कंपनी किंवा शाळा ठरविते. कामाची तारीख आपण ठरवावयाची असते आणि ती चुकीच्या परिणामावरून ठरते. काही देणी चुकली तर केवळ पैसे अधिक जातात. विजेच्या देयकावर वेळेआधी भरल्यास सूट, अंतिम तारखेपर्यंतची रक्कम आणि त्यानंतरची वाढीव रक्कम अशा वेगवेगळ्या रकमा छापलेल्या असतात. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वीही कायद्याने 15 दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. अशा देण्यांस अंतिम तारखेपूर्वी आठवडाभराची कामाची तारीख पुरते.

दुसऱ्या प्रकारात साठलेला हक्क बुडतो. आरोग्य विमा हे त्याचे ठळक उदाहरण. मोटारीचा विमा संपून 90 दिवस उलटले की दावा न केल्याबद्दल वर्षानुवर्षे मिळत आलेली सवलत, जी 50 टक्क्यांपर्यंत पोहोचते, ती नाहीशी होते. आणि विम्याशिवाय वाहन रस्त्यावर आणणे हा पहिल्या दिवसापासूनच गुन्हा असतो. आयुर्विम्याच्या वार्षिक हप्त्यास 30 दिवसांची, तर मासिक हप्त्यास 15 दिवसांची सवलत असते. या साऱ्यांस आम्ही 45 दिवस आधीची कामाची तारीख दिली आहे. वयाचा टप्पा ओलांडल्यामुळे हप्ता वाढला असेल, तर तो समजून घेण्यास आणि रकमेची सोय करण्यास तेवढा अवधी हवा. सवलतीचे दिवस मात्र वहीत लिहिलेले नाहीत. ते लिहिले की मन त्यांनाच अंतिम तारीख मानू लागते.

तिसऱ्या प्रकारात पैशापेक्षा तयारीच अधिक लागते. वाहनचालक परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. मुदत संपून एक वर्ष झाले तर मात्र पुन्हा वाहन चालविण्याची परीक्षा द्यावी लागते. लहान मुलांचा पासपोर्ट साधारणतः पाच वर्षांचा असतो, मोठ्यांचा दहा वर्षांचा, आणि अनेक देश प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक असल्याचा आग्रह धरतात. म्हणून पासपोर्टची कामाची तारीख आम्ही एक वर्ष आधीची लिहितो.

तारीख लक्षात राहिली तरी त्या दिवशी हाती रक्कम नसेल, तर वहीचा उपयोग काय? व्यापारी घरात पैसा मालात गुंतलेला असतो, म्हणून हा प्रश्न आम्हांस अधिक जाणवला. आमची मोठी वार्षिक देणी अशी आहेत : मे महिन्यात घरपट्टी 9,000, जून आणि नोव्हेंबरमध्ये शाळेचे शुल्क प्रत्येकी 30,000, ऑगस्टमध्ये मोटारीचा विमा 12,000, ऑक्टोबरमध्ये आरोग्य विमा 36,000 (नव्या पॉलिसीची तारीख दिवाळीआधी येईल अशी आम्ही पहिल्या नूतनीकरणातच सोय केली) आणि जानेवारीत आयुर्विमा 24,000. एकूण 1,41,000 रुपये. बारांनी भागले तर महिन्यास 11,750. ही रक्कम दरमहा पहिल्या आठवड्यात एका वेगळ्या बचत खात्यात टाकावयाची, असे ठरले.

यजमानांनी एप्रिलपासूनचा हिशेब मांडला, तेव्हा या भागाकारातील खोच दिसली. जूनअखेर तीन हप्ते मिळून 35,250 जमा होतात, पण घरपट्टी आणि शुल्क मिळून 39,000 गेलेले असतात. नोव्हेंबरअखेर तूट 23,000 होते आणि जानेवारीत ती 23,500 वर जाते. मार्चअखेर ती शून्यावर येते खरी. परंतु मधल्या काळात देणी तर थांबत नाहीत. यावर उपाय सोपा आहे. वर्षातील सर्वांत मोठी तूट शोधावी आणि तेवढी रक्कम आरंभी एकदाच खात्यात ठेवावी. आम्ही 24,000 रुपये ठेवले. देणी वाढली की मासिक रक्कम आणि ही आरंभीची शिल्लक, दोन्ही नव्याने मोजावी लागतात. दर एप्रिलमध्ये आम्ही ते करतो.

आजकाल बहुतेक देणी खात्यातून आपोआप वळती करण्याची सोय आहे. ‘मग वही कशाला?’ असे माझ्या मुलाने विचारले. त्याचे उत्तर त्यालाच सहा महिन्यांनी मिळाले. त्याच्या इंटरनेटचे मासिक शुल्क ज्या कार्डावरून जात होते त्या कार्डाची मुदत संपली, नवे कार्ड आले आणि जुन्या कार्डावरील आदेश निष्फळ ठरला. खात्यात पुरेशी शिल्लक नसली तरीही असेच होते. वर बँकेचे दंडशुल्कही लागते. म्हणून आपोआप जाणाऱ्या देण्यांचीही वहीत ओळ आहे आणि कार्डाची मुदत संपण्याचा महिना हीदेखील एक स्वतंत्र नोंद आहे.

प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, आम्ही दोघे वही उघडतो. त्या महिन्यात कोणती कामाची तारीख येते ते वाचतो आणि काम कोणाचे ते नावानिशी लिहितो. ‘आपण भरू’ असे म्हटलेले देणे कोणीच भरत नाही, हा आमचा अनुभव आहे. पैसे भरले एवढ्यावर ओळ बंद होत नाही. पावती हाती यावी, विम्याच्या बाबतीत नव्या मुदतीची पॉलिसी यावी, तीवरील नावे व जन्मतारखा तपासाव्यात, आणि मग त्याच क्षणी पुढील वर्षाची ओळ लिहावी. पुढची तारीख लिहिल्याशिवाय मागची ओळ खोडावयाची नाही, हा नियम मोडला तर नोंदीची साखळी तेथेच तुटते. शाळेच्या शुल्काची पावती वेगळ्या पाकिटात राहते. जुन्या करप्रणालीत शिकवणी शुल्काची वजावट घेताना तीच लागते.

या वहीत पासवर्ड किंवा कार्डाचा गुप्त क्रमांक लिहिलेला नाही. ती घरात कोणासही उघडता यावी, हाच तर तिचा हेतू आहे. मागील वर्षी आम्ही दोघे अकरा दिवस सम्मेदशिखरजीच्या यात्रेस गेलो. त्या अवधीत मोटारीच्या विम्याची कामाची तारीख येत होती. मुलीने वही पाहिली, ओळीतील पॉलिसी क्रमांक घेतला, वेगळ्या खात्यातून रक्कम भरली आणि पावती चिकटवून पुढील वर्षाची ओळ लिहिली. परतल्यावर अण्णांनी ते पान चष्मा लावून वाचले. पेढीवर एखादे खाते चुकते झाले की ते खतावणीत त्या ओळीखाली दोन बारीक रेघा ओढीत. त्यांनी खिशातून पेन काढले आणि नातीच्या अक्षरांखाली तशाच दोन रेघा ओढल्या.