दुसऱ्या फेरीनंतर माघार

कळंबोलीतला एक मुलगा घ्या. लोखंड बाजारातल्या गोदामात तो डिस्पॅच बघतो. तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्याच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत, तिसरी सोमवारी. शुक्रवारी दुसरीकडची ऑफर हातात पडते आणि तो ती घेतो. आता तळोज्याचं काय?

मित्र सांगतात, ‘गेला नाहीस की त्यांना कळेलच.’ हाच सर्वांत मोठा गैरसमज. शेवटच्या फेरीला येईपर्यंत प्लँट मॅनेजरची वेळ ठरलेली असते आणि यादीतल्या पुढच्या उमेदवाराला थांबवून ठेवलेलं असतं. शुक्रवारीच कळवलं तर सोमवारी त्याला बोलावता येतं. सोमवारी सकाळी फोन बंद ठेवला तर ती वेळ फुकट जाते. नाव कशामुळे लक्षात राहील, ते वेगळं सांगायला नको.

‘कारण दिलंच पाहिजे’ हेही खरं नाही. आई आजारी आहे, गावी जावं लागतंय, असली सबब तर मुळीच नको. बाजारातले ट्रान्सपोर्टवाले रोज तळोज्यात ये-जा करतात. नवी नोकरी कुठे लागली ते लपत नाही. ज्या मेलवरून बोलावणं आलं, त्यालाच उत्तर म्हणून एवढं पुरतं:

‘नमस्कार मॅडम, डिस्पॅच सुपरवायझर पदासाठी सोमवारी माझी तिसरी फेरी आहे. मी दुसरी नोकरी स्वीकारली असल्यामुळे माझा अर्ज मागे घेत आहे. आपण आणि सरांनी दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे.’

पगाराचा आकडा, नव्या कंपनीचं नाव, लांबलचक माफी, काही नको. मात्र फेरी चोवीस तासांच्या आत असेल तर मेलबरोबर फोनही करावा. ‘पगार वाढवला तर?’ असं त्यांनी विचारलं आणि निर्णय पक्का असेल, तर ‘बघतो’ म्हणू नये.

‘आता ते केस करतील’ ही भीती अर्जाच्या टप्प्यावर निराधार आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे करार होण्यासाठी प्रस्ताव आणि त्याला स्वीकृती लागते. मुलाखत म्हणजे करार नव्हे. ऑफर लेटर सही करून परत दिलं की मात्र गोष्ट बदलते. तेव्हाही न्यायालय कुणाला नोकरीवर बसवत नाही, पण अटी मोडल्याबद्दल कंपनी नुकसानभरपाई मागू शकते. म्हणून सहीपूर्वीची माघार सोपी.

अर्ज कन्सल्टंटमार्फत गेला असेल तर आधी त्याला कळवावं आणि तोच मेल कंपनीच्या एचआरलाही पाठवावा. कन्सल्टंटला पैसे बहुधा उमेदवार रुजू झाल्यावर कंपनीकडून मिळतात, त्यामुळे तो निरोप दाबून तुमचं मन वळवत बसण्याची शक्यता असते. पार्श्वभूमी तपासणीला संमती दिली असेल तर ती थांबवा असंही त्याच मेलमध्ये लिहावं. नाहीतर चौकशीचा फोन सध्याच्या शेठकडे जायचा, आणि राजीनामा तर अजून दिलेलाच नसतो.