‘ताबडतोब’ म्हणजे किती?

हल्ली पुण्यामुंबईच्या पुष्कळ बिऱ्हाडांत संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे कोणी ना कोणी असते. सात-आठ वर्षे नोकरी झाली, की ‘सीनियर इंजिनियर’च्या जागेसाठी मुलाखती सुरू होतात आणि मग वडील मंडळी मला गाठतात. “तुम्ही अशा मुलाखती घेता ना? मग विचारता तरी काय हो?” त्यांची कल्पना अशी, की जागा मोठी तसे गणितही मोठे. गणिते असतात, नाही असे नाही. पण पुष्कळदा पारडे झुकते ते तीन साध्या प्रश्नांवर. तांत्रिक निर्णय कसा घेतलात? हाताखालच्या माणसाला कसे तयार केलेत? आणि काम मोघम सांगितले होते, तेव्हा काय केलेत?

एका उमेदवार बाईंनी सांगितलेली हकीकत पाहा. तिन्ही प्रश्न तिच्यात आले आहेत.

चाळीस दुकाने असलेल्या एका व्यापाऱ्याने फर्मावले होते, “विक्रीचा आकडा मला ताबडतोब दिसला पाहिजे!” आकड्याचे पान उघडायला तेव्हा वीस-बावीस सेकंद लागत. कारण दर वेळी वर्षभराच्या सगळ्या बिलांची बेरीज पहिल्यापासून होई. शिवाय बिले ज्या डेटाबेसमध्ये नोंदली जात तिथेच ही बेरीज चाले, त्यामुळे गल्ल्यावरची गिऱ्हाइकेही खोळंबत.

बाईंनी कामाला हात घालण्यापूर्वी विचारले, “हा आकडा कोण पाहतो, केव्हा पाहतो आणि पाहून काय करतो?” दुपारी तीनच्या सुमारास कोणत्या दुकानात माल धाडायचा हे त्यावरून ठरते, असे उत्तर मिळाले. म्हणजे आकडा पाच मिनिटे शिळा असला तरी चालणार होते. ‘ताबडतोब’चा अर्थ ‘पान चटकन उघडावे’ एवढाच निघाला.

आता मार्ग दोन होते. बिल होताच त्याचा निरोप ‘क्यू’मध्ये, म्हणजे निरोपांच्या रांगेत, टाकायचा आणि लगेच बेरीज वाढवायची, हा एक. दर पाच मिनिटांनी बेरजांचा तयार तक्ता करून ठेवायचा आणि पानाने तेवढाच वाचायचा, हा दुसरा. हाताखालचा तरुण पहिल्यावर लुब्ध होता. बाईंनी ‘नको’ म्हटले नाही. प्रयोगाला दोन दिवस दिले आणि एकच अट घातली: “प्रोग्राम मधेच बंद पाडून पाहा, आणि बेरीज मूळ बिलांशी ताडून आण.”

बेरीज जास्त भरली! बिल मिळवून झाले, पण पोच देण्यापूर्वीच प्रोग्राम बंद पडला, तर रांग तोच निरोप पुन्हा देते. त्यामुळे काही बिले दोनदा धरली गेली होती. बिलाचा क्रमांक तपासून हा दोष टाळता येतो, हेही त्या मुलाने शोधले. पण त्यासाठी आणखी एक यंत्रणा कायम सांभाळावी लागली असती, आणि गरज तर पाच मिनिटांची होती. तेव्हा तक्ता ठरला, आणि तो बांधला त्याच मुलाने.

त्यातही एक मेख होती. इंटरनेट बंद पडलेल्या दुकानाची बिले दुसऱ्या दिवशी येत. म्हणून नुसती नवी बिले न मिळवता, गेल्या दोन दिवसांची बेरीज दर खेपेस नव्याने करायची आणि रात्री एकदा संपूर्ण महिन्याची. पानावर ‘४.३५ पर्यंतचा आकडा’ असे स्पष्ट लिहायचे.

मी विचारले, “हा निर्णय तुम्ही केव्हा फिरवला असता?” त्या म्हणाल्या, “गल्ल्यावर त्याच क्षणी शिल्लक माल दाखवायचा असता, तर पाच मिनिटे चालली नसती. मग क्यूच घेतली असती.” “आणि तो मुलगा?” “पुढच्या कामाला, मी सांगण्याआधीच, काय बंद पाडून पाहायचे याची यादी त्यानेच करून आणली.” शिष्य तयार झाल्याची खूण हीच. ‘मी त्याला खूप शिकवले’ या वाक्याने काहीच कळत नाही.

पाठ करून आणलेल्या उत्तरात आकडा नसतो, विरोधी मत नसते, आणि सारे काही ‘आम्ही’ केलेले असते. मग मी विचारतो, “त्यात तुमचा वाटा कोणता?” काहींना तिथेच घाम फुटतो.

अर्थात पाऊण तासात माणूस पुरता कळत नाही. बोलका उमेदवार वरचढ ठरतो आणि अबोल पण जाणता मागे पडतो. म्हणून प्रश्न सर्वांना तेच ठेवावेत, आणि परीक्षकांनी आपापसांत बोलण्यापूर्वीच आपली मते लिहून काढावीत. तरीही थोडी चूक उरतेच.

तुमच्या घरी अशा मुलाखतीची तयारी चालली असेल, तर चहाच्या वेळी चिरंजीवांना किंवा कन्येला तीन गोष्टी विचारा. मागणाऱ्याला नेमके काय हवे होते? विरोधात कोण होते, आणि त्याचे म्हणणे काय? निर्णय कशाने फिरला असता? प्रोग्राममधले अक्षरही न कळणाऱ्या आजोबांना हे विचारता येईल, आणि उत्तर त्यांना समजेल असे आले, तर तयारी बरी झाली म्हणायची.