सोळा अक्षरं, तरी अडखळतं!

माजलगावच्या आयाबाया पहाटे जात्यावर दळताना ओव्या गायच्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्याही आहेत. चाली मात्र मोजक्याच. मग एका चालीत इतक्या ओव्या बसायच्या तरी कशा?

चला, आपणच एक ओवी रचू. आपल्या चालीत आठ अक्षरं, छोटा थांबा, पुन्हा आठ अक्षरं.

*पहाटच्या पारी जातं, फिरं घरघर*

आता बोटांवर मोजा. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणून ‘च्या’ म्हणजे एक. बोलताना आपण ‘घर्’ म्हणतो, पण गाताना शेवटचा ‘र’ पूर्ण उमटतो, म्हणून ‘घर’ची अक्षरं दोन. पहिला भाग आठ, दुसरा सहाच! दोन अक्षरं कमी पडली. मग गाणारी बाई काय करते? ‘फिरं बाई घरघर’. झाली आठ! ओवीतले ‘बाई’ आणि ‘गं’ मैत्रिणीला हाक मारतात आणि रिकामी जागाही भरतात.

दुसरी ओळ बघा: *ज्वारीचं पीठ पडतं, जात्यातून भरभर*. आठ आणि आठ. काही घालायला नको.

आता खरी गंमत. बीडची कितीतरी माणसं दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्यावर ओळ केली:

*ऊसतोडीला गेली आई, येईल कधी घरी*

मोजा बरं. नऊ आणि सात. बेरीज सोळाच, तरी गाताना अडखळतं! कारण चालीचा थांबा येतो आठव्या अक्षरावर. तिथे ‘आई’चे दोन तुकडे होतात. ‘आ’ थांब्याच्या अलीकडे, ‘ई’ पलीकडे. म्हणजे नुसती बेरीज जुळून भागत नाही, शब्द थांब्यापाशी संपायला हवा.

मग दुरुस्ती करू. ‘ऊस’ काढला, कारण ‘तोडीला’ म्हटलं की बीडमध्ये सगळ्यांना कळतं. दोन अक्षरं गेली, उरली सात. एक ‘गं’ घातला. दुसऱ्या भागातही एक ‘गं’:

*तोडीला गेली गं आई, येईल गं कधी घरी*

आठ आणि आठ. ‘आई’ही अख्खी राहिली.

जात्यावरच्या बायका मात्र बोटांवर मोजत बसायच्या नाहीत. एखादं अक्षर कमी पडलं तर त्या ‘आ’, ‘ई’सारखा स्वर लांबवायच्या. एखादं जास्त झालं तर दोन अक्षरं एका ठोक्यात पटकन म्हणून टाकायच्या. पण तीन-चार अक्षरं जास्त झाली की जीभ अडखळते आणि शब्द कळेनासे होतात. तेव्हा शब्दच बदलावा लागतो.

तुम्हीही करून बघा. एक ओळ रचा आणि आठव्या अक्षरावर टाळी वाजवा. टाळी शब्दाच्या मधोमध पडली, तर काय बदलाल?